कार्ट ‘सोडली’ कधी आणि आठवण कधी: या दोन वेळा वेगळ्या आहेत

वेबसाइटवरून माल विकणाऱ्या दुकानाच्या सेटिंगमध्ये दोन चौकटी एकाखाली एक असतात आणि दोन्हींत मिनिटं किंवा तास भरायचे असतात. पहिली विचारते, गिऱ्हाईक किती वेळ गप्प राहिलं म्हणजे कार्ट सोडली असं धरायचं? दुसरी विचारते, तसं धरल्यावर किती वेळाने आठवण पाठवायची? दोन्हींत एकच आकडा टाकून मोकळं व्हायचं, ही चूक निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळीकडे दिसते. मग ‘लोक चिडतात, आठवणी बंदच करतो’ असं म्हणायची पाळी येते.

कार्ट आणि चेकआउट यांतला फरक बहुतेकांना माहीत असतो, म्हणून एका वाक्यात उरकतो: नुसती वस्तू टाकली, नंबर किंवा ईमेल दिला नाही, तर आठवण पाठवायला पत्ताच नाही. ईमेल की व्हॉट्सअॅप हाही किरकोळ वाद. गिऱ्हाइकाने जिथे संमती दिली असेल तिथे पाठवा.

खरी गफलत घड्याळाची आहे. पहिला आकडा फक्त निदान करतो, गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून तो लहान ठेवला तरी बिघडत नाही. २० मिनिटं चालतात. दुसरा आकडा गिऱ्हाइकाच्या फोनवर वाजतो, म्हणून तो मोठा हवा. काही लोक तर नेमकं उलटं करतात. पहिल्यात २४ तास टाकतात, ‘घाई नको’ म्हणून, आणि दुसरा शून्यावर सोडतात. अशाने गिऱ्हाईक तासाभराने परत आलं का, हे दिवसभर कळतच नाही, कारण तोवर ती कार्ट कुठल्याच यादीत नसते.

त्याहून वाईट चूक म्हणजे वेळ वस्तू टाकल्यापासून मोजणं. वेळ शेवटच्या हालचालीपासून मोजायची. एक उदाहरण घेऊ. अथणीचं एक दुकान हातशिलाईच्या कोल्हापुरी चपला विकतं. पुण्यातली एक बाई रात्री ८.१० ला चपलेचा जोड कार्टमध्ये टाकते, ८.१४ ला फोन नंबर भरते, मग मापाच्या तक्त्याशी झटापट करते. ८.३१ ला ७ नंबर बदलून ८ करते आणि फोन बाजूला ठेवते. वस्तू टाकल्यापासून मोजणारी यंत्रणा ८.३० ला कार्ट सोडलेली धरेल, म्हणजे बाई माप बदलत असतानाच. दुसरा आकडा शून्य असेल तर तिच्या हातात फोन असतानाच ‘तुम्ही काहीतरी विसरलात!’ येतं. विसरली कुठे? ती पाय मोजतेय.

शेवटच्या हालचालीपासून मोजलं तर निदान ८.५१ ला होतं. चपलेसारख्या मालाला ४ तास उशीर मी योग्य धरतो, कारण माप घरच्यांना दाखवून, दुसऱ्या जोडाशी ताडून ठरतं. पण ८.५१ अधिक ४ तास म्हणजे रात्री १२.५१. इथे शांततेची वेळ लावायची: रात्री ९ ते सकाळी १०. त्यात अडकलेला संदेश टाकून न देता सकाळी १० नंतर सोडायचा. जाहिरातीच्या एसएमएसला ट्रायच्या नियमांनुसार सकाळी १० ते रात्री ९ एवढीच वेळ असते. व्हॉट्सअॅप आणि ईमेललाही तीच शिस्त लावलेली बरी.

आता समजा, बाई ९.४० ला परत आली आणि रंग बदलून गेली. घड्याळ ९.४० पासून नव्याने सुरू झालं पाहिजे आणि १२.५१ ची जुनी रांगेतली नोंद रद्द झाली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी नवी नोंद होते, पण जुनी तशीच राहते. सकाळी तिला एकाच चपलेच्या दोन आठवणी येतात. ओळखायची खूण सोपी आहे: पाठवलेल्या संदेशांच्या यादीत एकाच कार्टचा क्रमांक काही मिनिटांच्या अंतराने दोनदा दिसतो.

हालचाल कशाला म्हणायची, हेही ठरवून ठेवा. वस्तू टाकणं-काढणं, माप बदलणं, पत्ता किंवा पिनकोड भरणं, दुसरं पान उघडणं ही हालचाल. उघडं पडलेलं पान ही हालचाल नव्हे. वर्डप्रेसवर चालणाऱ्या वूकॉमर्स दुकानात कार्टची छोटी खिडकी ताजी ठेवायला पान आपोआप `wc-ajax=get_refreshed_fragments` ही विनंती पाठवू शकतं. तीच हालचाल म्हणून मोजली गेली तर खिशातल्या फोनवरच्या कार्टची वेळ पुढेपुढे सरकत राहते. तपासायला स्वतःच्या फोनवर कार्ट भरा, पान उघडं ठेवून अर्धा तास हात लावू नका. ती सोडलेल्यांच्या यादीत आली नाही, तर दोष इथेच आहे.

पैसे भरायला गेलेलं गिऱ्हाईक ही वेगळीच जात. यूपीआयच्या अॅपमध्ये गेलं की वेबसाइटला ते गप्प दिसतं. पण ऑर्डर ‘पेमेंट बाकी’ अवस्थेत तयार झालेली असेल, तर ती कार्ट राहिलेलीच नाही. तिला आठवणीच्या यादीतून काढा आणि पेमेंट फसलं असेल तर तसा साधा संदेश लगेच द्या. खात्यातून पैसे कापले गेलेत आणि वर ‘विसरलात का?’ विचारलं, तर गिऱ्हाईक थेट दुकानात फोन लावतं, आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणूनच संदेश रांगेत घालताना एकदा आणि पाठवायच्या क्षणी पुन्हा एकदा तपासायचं: याच नंबरावर मधल्या काळात ऑर्डर झाली का?

हे सगळं नीट लावूनही संदेश भलत्या वेळी जात असतील, तर दोन ठिकाणी बघा. वर्डप्रेसचं स्वतःचं वेळापत्रक वेबसाइटवर कोणी आलं तरच चालतं. सीमाभागातल्या लहान दुकानाच्या साइटवर रात्री कोणी फिरकत नाही. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं की साठलेलं सगळं एकदम सुटतं. `wp-config.php` मध्ये हे बंद करा:

```
define('DISABLE_WP_CRON', true);
```

आणि सर्व्हरच्या क्रॉनवर दर ५ मिनिटांनी चालवा, मार्ग आपल्या साइटचा टाकून:

```
*/5 * * * * wp cron event run --due-now --path=/var/www/shop
```

दुसरं ठिकाण टाइमझोन. तो UTC राहिला असेल तर तुमची ९ ते १० ची शांतता प्रत्यक्षात पहाटे २.३० ते दुपारी ३.३० अशी लागते, आणि मध्यरात्री १ वाजताही संदेश बिनदिक्कत जातो. तिथे `Asia/Kolkata` निवडा.

आठवणी किती? दोन, बस. दुसरी पहिलीनंतर साधारण दिवसभराने, आणि तिच्यात पहिलीचं रडगाणं नको. मापाचा तक्ता आणि बदलून देण्याची अट लिहा, कारण चपलेची कार्ट बहुधा तिथेच अडलेली असते. व्हॉट्सअॅपवर अशी आठवण ‘मार्केटिंग’ प्रकारातच मोडते आणि लोकांनी ब्लॉक केलं की नंबराचं रेटिंग घसरतं; तिसरी पाठवायची हौस तिथे महाग पडते. पहिल्याच संदेशात १० टक्के सूट देणारे तर गिऱ्हाइकाला कार्ट भरून निघून जायला शिकवतात. पुढच्या वेळी ते मुद्दाम थांबतं. सूट द्यायचीच असेल तर दुसऱ्या आठवणीत, तीही एका गिऱ्हाइकाला एकदाच. आणि चेकआउट कन्नडमध्ये केलं असेल तर आठवणही कन्नडमध्येच जाऊ द्या. बेळगावात हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.