ब्लोअरचा कंप आणि वेल्चची सरासरी: तुकडा केवढा कापायचा?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्यूपोला भट्टीला हवा देणारा ब्लोअर थरथरत होता. मोटर दोन पोलची, वीज 50 हर्ट्झची आणि टॅकोमीटरवर वेग 2960 आरपीएम. फिटर म्हणत होता कपलिंग जुळलेलं नाही, इलेक्ट्रिशियन म्हणत होता दोष मोटरच्या आतच आहे. 2960 आरपीएम म्हणजे सेकंदाला 49.33 फेरे. कपलिंग वाकडं असेल तर कंप बहुधा फेऱ्यांच्या दुपटीला, 98.67 हर्ट्झला उठतो. स्टेटर ढिला असेल किंवा रोटरभोवतीची फट सगळीकडे सारखी नसेल, तर तो विजेच्या दुपटीला, बरोबर 100 हर्ट्झला उठतो. सारा वाद या 1.33 हर्ट्झच्या अंतराचा होता.

मी बेअरिंग हाउसिंगवर सेन्सर बसवला, सेकंदाला 1024 नमुने घेत 64 सेकंद नोंद केली आणि पॉवर स्पेक्ट्रम काढला. 100 च्या आसपास एकच रुंद उंचवटा आला. दोघांनीही तो आपल्याच बाजूचा पुरावा मानला. चूक माझी होती. ती समजायला थोडं मागे जावं लागतं.

1898 मध्ये आर्थर शुस्टर हवामानाच्या नोंदींमध्ये सुमारे 26 दिवसांचं म्हणून सांगितलं जाणारं एक आवर्तन खरंच आहे का, हे तपासत होते. प्रत्येक वारंवारतेला नोंदीत किती शक्ती आहे हे मोजणाऱ्या आलेखाला त्यांनी पीरियडोग्राम हे नाव दिलं. साधन उत्तम, पण त्यात एक खोच आहे. गोंगाटासारख्या संकेताचा पीरियडोग्राम गवतासारखा दिसतो, आणि त्यातल्या प्रत्येक बिंदूचा चढउतार त्या बिंदूच्या सरासरी किमतीएवढाच असतो, म्हणजे 100 टक्के. आणखी नोंद घेतली तरी गवत बसत नाही. 64 सेकंदांच्या ऐवजी 128 सेकंद मोजले, तर बिंदूंची संख्या दुप्पट होते आणि आलेली नवी माहिती त्या नव्या बिंदूंमध्येच वाटली जाते. जुना बिंदू होता तेवढाच अस्थिर राहतो. विद्यार्थ्यांना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण जास्त मोजलं की जास्त अचूक, ही आपली सवय इथे उपयोगी पडत नाही.

यातून वाट काढली ती बार्टलेट यांनी, 1948 आणि 1950 च्या लेखांमध्ये. नोंदीचे तुकडे करायचे, प्रत्येकाचा वेगळा पीरियडोग्राम काढायचा आणि मग सगळ्यांची सरासरी घ्यायची. 16 तुकड्यांची सरासरी घेतली की चढउतार 16 च्या वर्गमुळाने, म्हणजे चौपटीने घटतो आणि 25 टक्क्यांवर येतो. त्याची किंमत रेझोल्यूशनमध्ये मोजावी लागते. तुकडा 4 सेकंदांचा असेल तर बिंदूंमधलं अंतर पाव हर्ट्झ होतं. पूर्ण 64 सेकंदांना ते एक चौसष्टांश हर्ट्झ होतं. नोंद तेवढीच आहे, ती स्थिरतेकडे किती आणि बारकाव्याकडे किती वाटायची, एवढंच आपल्या हातात असतं.

1958 मध्ये ब्लॅकमन आणि ट्युकी यांचा मार्ग वेगळा होता. आधी संकेताचा स्वतःशीच असलेला सहसंबंध काढायचा, तो थोड्याच अंतरापर्यंत ठेवायचा आणि मग त्याचं फूरियर रूपांतर करायचं. गणन महाग होतं तोवर हाच मार्ग परवडत असे. 1965 मध्ये हेच रूपांतर झटपट करणारी कूली आणि ट्युकी यांची रीत, एफएफटी, आली आणि हिशेबच बदलला. 4096 नमुन्यांच्या रूपांतराला सरळ रीतीने सुमारे 1 कोटी 68 लाख गुणाकार लागत, एफएफटीत हे काम पन्नास हजारांच्या घरात आलं. दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, आयबीएमच्या पीटर वेल्च यांनी बार्टलेटची जुनी कल्पना एफएफटीला जोडली आणि तिच्यात दोन सुधारणा केल्या.

पहिली सुधारणा विंडोची. तुकडा सुरीने कापावा तसा कापला, तर टोकांच्या तुटीमुळे 49.33 हर्ट्झच्या मोठ्या कळसाची शक्ती दूरवर सांडते आणि शेजारचे बारीक कळस झाकले जातात. म्हणून तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्याकडे उतरवतात. आज सर्रास वापरली जाणारी हान विंडो ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञ युलियस फॉन हान यांच्या नावाची आहे. शुस्टरप्रमाणे इथेही मूळ हवामानाच्या नोंदीतच सापडतं, हे मला नेहमी भावतं. पण टोकं दाबली की तिथले नमुने जवळपास वाया जातात. दुसरी सुधारणा त्यावरच उपाय आहे: तुकडे एकमेकांवर निम्मे चढवायचे. एका तुकड्याच्या कडेला दबलेला नमुना पुढच्या तुकड्याच्या मधोमध येतो आणि त्याला पूर्ण वजन मिळतं.

आमच्या 64 सेकंदांत 4 सेकंदांचे 16 सुटे तुकडे बसतात, निम्मे चढवले तर 31. हे 31 पूर्ण स्वतंत्र नसतात, पण हान विंडोसोबत शेजारच्या तुकड्यांच्या पीरियडोग्रामांतला सहसंबंध 36 मध्ये एक भाग इतकाच राहतो. त्यामुळे ते सुमारे 29 स्वतंत्र तुकड्यांचं काम करतात. चढउतार 25 वरून 18 टक्क्यांवर येतो, आणि त्यासाठी एक सेकंदही जास्त मोजावा लागत नाही.

आता माझी चूक. मी आज्ञेत फक्त नमुन्यांचा वेग दिला होता. तुकड्याची लांबी सांगितली नाही की पायथनचं `scipy` ती 256 नमुने धरतं. 1024 च्या वेगाला ते पाव सेकंद होतात आणि बिंदूंमधलं अंतर, म्हणजे एक खण, 4 हर्ट्झ होतं. 98.67 आणि 100 एकाच खणात पडले. तुकडा 1 सेकंदाचा केला असता तरी भागलं नसतं, कारण हान विंडोमध्ये एका कळसाची अर्ध्या शक्तीवरची रुंदीच 1.44 खण असते आणि आमचं अंतर 1.33 खणांचं होतं. 4 सेकंदांना तेच अंतर 5.33 खणांचं होतं.

```python
f, P = welch(x, fs=1024, window='hann',
             nperseg=4096, noverlap=2048)
```

आता दोन कळस वेगळे दिसले, मधे स्पष्ट दरी. 98.67 चा कळस उंच होता, 100 चा बुटका. मी मोह आवरून तुकडा 16 सेकंदांचाही करून पाहिला. तेव्हा तुकडे उरले 7, चढउतार 39 टक्क्यांच्या आसपास गेला आणि गवतात नसलेले कळसही दिसू लागले.

खरा कळस आणि गवतातला भास ओळखायची एक खूण आहे. P ची मोजणी प्रति हर्ट्झ असते. तुकडा चौपट लांब केला की शुद्ध सुराचा कळस चौपट उंच होतो, गोंगाटाची पातळी मात्र जिथल्या तिथे राहते. आमचा 100 हर्ट्झचा कळस या कसोटीला पूर्ण उतरला. 98.67 चा कळस मात्र 16 सेकंदांना चौपट न वाढता थोडा पसरला. भट्टीत माल पडतो तसा हवेला होणारा अडथळा बदलतो, मोटरवरचा भार हलतो आणि वेग किंचित सरकतो. असा सरकणारा कळस लांब तुकड्याने आणखी टोकदार होत नाही. वेल्चनी आपल्या पद्धतीचा एक फायदा म्हणून, नोंद काळानुसार बदलते आहे का हे तुकड्यांवरून तपासता येतं, असं लिहिलंच होतं. आम्ही तुकड्यांचे स्पेक्ट्रम एकाखाली एक लावले, तर 100 ची रेघ सरळ उभी आणि तिच्या डावीकडची रेघ नागमोडी निघाली.

दुपारी भट्टी थांबल्यावर वीज तोडून पाहिली. 100 चा कळस त्याच क्षणी गेला. दुसरा कळस ब्लोअरचा वेग उतरत गेला तसा खाली सरकत राहिला आणि हाताला लागणारी थरथरही त्याच्यासोबतच ओसरली. फिटरने डायल इंडिकेटर आणला आणि कपलिंग सोडायला घेतलं.