दाबलेल्या मातीचा ब्लॉक: यंत्राचा प्रश्न सुटला, मातीचा उरला

कमी खर्चात घर बांधायचं आणि माती आपल्याच जागेतली वापरायची असं ठरलं, की पहिली चौकशी होते ती मातीचे ब्लॉक पाडायच्या मशीनची. हाताने चालतं का, दिवसाला किती ब्लॉक निघतात, भाड्याने मिळेल का. खरं तर मशीन हा यातला सगळ्यात सोपा भाग आणि तो सत्तर वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. घर फसतं ते माती न तपासल्यामुळे किंवा भिंतीला पाणी लागल्यामुळे. हे असं का, ते ब्लॉकच्या इतिहासातून नीट कळतं, कारण घट्टपणा, पाण्यात टिकणं आणि योग्य माती हे तीन प्रश्न वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या लोकांनी हाताळले.

घट्टपणाचा प्रश्न आधी आला. फ्रान्समध्ये ल्योंच्या परिसरात साच्यात माती ठोकून भिंती उभारायची जुनी पद्धत होती. फ्रान्स्वा क्वांतरो (१७४०–१८३०) या बांधकाम जाणकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचा हिरिरीने प्रसार केला आणि द्राक्षं पिळायच्या दाबयंत्रात फेरफार करून मातीचे सुटे ठोकळे पाडण्याचा प्रयत्नही केला. कल्पना बरोबर होती, पण ठोकळा कितीही दाबला तरी तो मातीचाच राहत होता. कोरडा असताना दणकट, आणि पाण्यात ठेवला की काही वेळात चिखल.

यातून वाट निघाली ती धरणं आणि रस्ते बांधणाऱ्यांच्या कामातून. १९३३ मध्ये राल्फ प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्याने दाखवून दिलं, की तेवढ्याच ठोक्यांनी माती सर्वात जास्त कधी घट्ट बसते हे तिच्यातल्या पाण्यावर ठरतं. पाणी कमी असेल तर कण एकमेकांवर सरकत नाहीत, जास्त असेल तर पाणीच जागा अडवून बसतं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात जॉन्सनव्हिलजवळ माती आणि सिमेंट मिसळून, दाबून रस्ता केला गेला. थोड्या सिमेंटने भिजूनही न विरघळणारी माती मिळते हे तिथे मोठ्या प्रमाणावर दिसलं. आजचा ब्लॉक या दोन गोष्टींवर उभा आहे. त्याच्या कृतीतलं दहा-बारा टक्के पाणी आणि पाच ते आठ टक्के सिमेंट ही त्याच घराण्यातली प्रमाणं आहेत.

मग आलं यंत्र. कोलंबियातल्या बोगोटा इथल्या ‘सिन्व्हा’ या गृहनिर्माण केंद्रात १९५०च्या दशकात राऊल रामिरेझ या अभियंत्याने लांब दांड्याची एक साधी पेटी बनवली. पेटीत माती भरायची, झाकण सरकवायचं, दांडा उलट्या बाजूला खाली ओढायचा आणि परत फिरवून ब्लॉक वर काढायचा. वीज नाही, इंजिन नाही, दोन माणसं उचलून नेतील एवढं वजन. सिन्व्हा-राम नावाने ते जगभर पोचलं आणि आजची बहुतेक हातमशीनं त्याचीच भावंडं आहेत.

या यंत्राची एक खोड मात्र विकणारा सहसा सांगत नाही. दांडा कुठे थांबणार हे ठरलेलं असल्याने ब्लॉकचा आकार कायम तोच राहतो. पेटीत माती थोडी कमी पडली तरी ब्लॉक दिसायला अगदी तसाच निघतो, फक्त आतून कमी घट्ट असतो. नुसतं बघून हे ओळखता येत नाही. १९७४ नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘अस्त्रा’ या गटाने मातीच्या ब्लॉकवर जे काम केलं त्यात याचं साधं उत्तर आहे: प्रत्येक ब्लॉकची माती वजन करून भरायची. २३०×१९०×१०० मिलिमीटरच्या ब्लॉकचं आकारमान ४.३७ लिटर भरतं. एका लिटरमागे १.८ किलो कोरडा माल बसवायचा असेल तर सुमारे ७.९ किलो लागतो आणि पाण्यासह ८.७ किलो. मशीनशेजारी तराजू ठेवा किंवा तेवढंच मावणारं डबडं कापून घ्या, पण अंदाजपंचे घमेल्याने ओतू नका. दांडा फारच हलका जात असेल तर माल कमी पडतोय असं समजावं.

राहिला मातीचा प्रश्न, जो कुठल्याही यंत्राने सुटत नाही. सिमेंट वाळूच्या कणांना चांगलं बांधतं, चिकणमातीला नाही. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की तेवढ्याशा सिमेंटला सगळ्यांभोवती पोचता येत नाही, आणि ते ओलाव्याने फुगतात, वाळल्यावर आकसतात. सिमेंटची जी बांधणी तयार झालेली असते ती या फुगण्या-आकसण्यात तुटते. म्हणून ब्लॉकसाठी वाळूचा भाग ६५ टक्क्यांच्या वर आणि चिकणमाती १० ते १५ टक्के असेल ते बरं. चिकणमाती अजिबात नसेल तरी पंचाईतच, कारण मशीनमधून काढलेला ओला ब्लॉक हातात धरता यायला थोडा चिकटपणा हवा.

घरच्या घरी अंदाज घेण्यासाठी वरचा एक-दीड फुटाचा मुळं-पाचोळ्याचा थर बाजूला करून खालची माती घ्यावी. सरळ कडांच्या काचेच्या बरणीत ती अर्धी भरावी, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून जोरात हलवावी आणि ठेवून द्यावी. मिनिटाभरात वाळू तळाशी बसते, अर्ध्या-पाऊण तासात गाळ, आणि चिकणमाती बसायला दुसरा दिवस उजाडतो. थरांच्या उंचीवरून प्रमाण कळतं. ढोबळच, पण वाळू किती मिसळायची हे ठरवायला पुरेसं.

एक उदाहरण धरू. बाहेरून ६ बाय ४ मीटर, २.७ मीटर उंच भिंतीचं एकमजली घर, भिंत १९ सेंटीमीटर जाड. दारं-खिडक्या वजा जाता ४६ चौरस मीटर भिंत उरते. सांध्यासकट एका चौरस मीटरला ३८ ब्लॉक, म्हणजे सुमारे १७५०. तुटफूट धरून १९०० पाडावेत. त्यांना कोरडा माल १५ टन लागतो. सिमेंट ७ टक्के धरलं तर जवळजवळ १ टन, म्हणजे ५० किलोची २० पोती. सांध्यांसाठी १ भाग सिमेंट, २ भाग माती, ६ भाग वाळू असा मसाला धरला तर आणखी पाचेक पोती.

आता समजा बरणीत जागेवरची माती अशी निघाली: वाळू ४५, गाळ ३१, चिकणमाती २४ टक्के. हिच्यात तेवढीच वाळू मिसळली की चिकणमाती १२ टक्क्यांवर येते आणि वाळू ७२च्या पुढे जाते. छान झालं. पण उरलेल्या १४ टनांपैकी ७ टन वाळू आता विकत आणायची आहे. ‘माती फुकट’ या हिशेबाला पहिलं भगदाड इथे पडतं. जवळपास वाळूमिश्रित मुरूम असेल तर हाच खर्च वाचतो, म्हणून बांधायचं की नाही हा निर्णय बरणी बघून घ्यावा, मशीन बघून नाही.

पाडताना माल आधी कोरडाच एकजीव करावा आणि पाणी शिंपडत घालावं. मूठभर माल घट्ट वळून छातीएवढ्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडावा. चार-पाच तुकडे झाले तर ठीक, सपाट चपटा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. सिमेंट ओलं झालं की घड्याळ सुरू होतं, त्यामुळे एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवावा. दुपारच्या जेवणाआधी कालवून ठेवलेला आणि नंतर पाण्याचा हात मारून परत मऊ केलेला माल दाबला तर जातो, पण त्यातलं सिमेंट तोवर वाया गेलेलं असतं. ब्लॉक सावलीत, गोणपाटाखाली, किमान तीन आठवडे ओले राहायला हवेत; चार झाले तर उत्तम. पहिल्याच दिवशी उन्हात वाळलेला ब्लॉक वरून कडक दिसतो, पण कोपरा नखाने खरवडला की पावडर येते. तयार झालेल्या ढिगातले चार-सहा ब्लॉक रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावेत. सकाळी कडा धारदार राहिल्या आणि अंगठ्याने दाबून खळगा पडला नाही तर माल चालेल. कडा गोल झाल्या तर तो ढीग बाहेरच्या भिंतीला लावू नये.

भारतीय मानक आय.एस. १७२५ पहिल्यांदा १९६० मध्ये आलं. त्याच्या १९८२च्या आवृत्तीत ब्लॉकचे दोन वर्ग होते, एका चौरस सेंटीमीटरला २० आणि ३० किलो ताकदीचे. २० हा आकडा वाचून लोक बिचकतात. पण वरच्या घरात भिंतीच्या तळाशी स्वतःच्या वजनाचा भार येतो जेमतेम अर्धा किलो. हलकं छप्पर टाकलं तरी त्यात फार भर पडत नाही. एकमजली घरात ब्लॉक भाराने चिरडत नाही. ताकद तपासायची ती भिजवलेल्या ब्लॉकवर, कारण त्या आकड्यातून सिमेंटने माती किती धरली आहे हे कळतं, आणि भिंतीचं आयुष्य त्यावर ठरतं.

म्हणून सिमेंट घातलं तरी जुन्या मातीच्या घराचे नियम सुटत नाहीत. जोतं दगडाचं किंवा काँक्रीटचं, जमिनीपासून किमान दीड फूट, आणि त्यावर ओल वर चढू न देणारा डीपीसीचा सलग थर. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन फूट यावं, नाहीतर पागोळ्यांचं पाणी खाली आपटून भिंतीच्या पायथ्याशी उडतं आणि तिथूनच ती खायला लागते. न्हाणीघराच्या आणि मोरीच्या भिंती सरळ भाजलेल्या विटेत किंवा दगडात घ्याव्यात. मातीचा हट्ट तिथे महागात पडतो. बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा केला तर तो कडक पापुद्र्यासारखा वेगळा हलतो, मागे पाणी साठतं आणि काही पावसाळ्यांत पत्र्यासारखा सुटतो. त्यापेक्षा सांधे नीट भरलेली उघडी भिंत जास्त टिकते.

काळ्या, फुगणाऱ्या मातीच्या जागेत दोन अडचणी एकदम येतात. ती माती सिमेंटने ब्लॉकमध्ये धरत नाही. चुन्याने धरते, पण चुना हळू काम करतो आणि पाणी मारण्याचा काळ लांबतो. दुसरी अडचण पायाची: तीच जमीन घराखाली वर-खाली होणार, आणि मातीच्या ब्लॉकच्या भिंतीत ताण सहन करायची ताकद जवळजवळ नसल्याने खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघणार. तिथे पाया खोल न्यावा लागतो आणि जोत्यावर सळईचा सलग पट्टा टाकावा लागतो. भूकंपप्रवण भागात असाच पट्टा लिंटेलला आणि छपराखाली लागतो, शिवाय कोपऱ्यांत उभी सळई. १९ सेंटीमीटरची भिंत चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास भरते, आणि भूकंपात भिंतीला ढकलणारा जोर त्या वजनाच्या प्रमाणात वाढतो.

खर्चाचा हिशेब मांडताना पाया, जोतं, पट्टे, दारं-खिडक्या आणि छप्पर वेगळे लिहावेत. ब्लॉकमुळे त्यातलं काहीच स्वस्त होत नाही. बचत फक्त भिंतीच्या ओळीत होते, आणि तीही आणावी लागणारी वाळू, वीस-पंचवीस पोती सिमेंट आणि महिनाभर पाणी मारणारा माणूस वजा केल्यावर जेवढी उरेल तेवढीच.