सीआरएममधले ९० टक्के कुणाचे?

“सीआरएममध्ये ‘Contract Sent’ या टप्प्यापुढे ९०% दिसतंय. म्हणजे दहातले नऊ सौदे येणारच ना?”

नाही. हबस्पॉट या सौद्यांची नोंद ठेवणाऱ्या सीआरएम सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा आधीच भरून येतो. तुमच्या गिऱ्हाइकांना तो ठाऊकही नसतो. स्वतःचा काढा. समजा, गेल्या वर्षी या टप्प्याला पोचून निकाल लागलेले सौदे ४०, त्यांतले जिंकले २२. म्हणजे ५५%. आज तिथे ४० लाखांचे सौदे असतील, तर अंदाज ३६ नव्हे, २२ लाखांचा. (हरलेले सौदे बंद न करता तसेच लोंबकळत ठेवले, की हाही आकडा फुगतो.)

टप्पा गिऱ्हाइकाच्या कृतीवर ठरवा. आपण करार मेल केला, एवढ्याने काही कळत नाही. त्यांच्या खरेदी विभागाने दुरुस्त्या सुचवल्या, तर कळतं. सौदे चारच असतील, तर मात्र एक मोठा हुकला तरी अंदाज कोसळतो.