वाटीतला छर्रा उशीर का करतो?

अंतर्गोल आरसा टेबलावर उताणा ठेवला की ती एक उथळ वाटीच होते. तिच्यात सायकलच्या बेअरिंगमधला पोलादी छर्रा सोडला, तर तो तळाशी येतो, पलीकडे चढतो, थांबतो आणि परत फिरतो. एका पूर्ण येरझारीला लागणारा वेळ म्हणजे त्याचा दोलनकाळ. आता त्याच वाटीत, त्याच जागेवरून, अजिबात घर्षण नसलेला एक छोटा ठोकळा घसरत सोडला अशी कल्पना करू. उतार तोच, गुरुत्वाकर्षण तेच. तरी छर्रा मागे पडतो, आणि थोडाथोडका नाही, त्याला जवळपास १८ टक्के जास्त वेळ लागतो.

खरे आकडे घेऊ. आरशाचे नाभीय अंतर ५० सेंटिमीटर, म्हणजे वक्रता त्रिज्या १ मीटर. छर्रा १२ मिलिमीटर व्यासाचा. तळापासून ३ सेंटिमीटरवर तो धरून सोडला. वाटी इतकी उथळ आहे, की तिथे छर्रा तळाच्या पातळीपेक्षा अर्धा मिलिमीटरसुद्धा वर नसतो. एवढ्याशा उंचीवरून निघून तो तळाशी सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर वेगाने पोहोचतो, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना स्वतःभोवती दीड फेऱ्याहून थोडा अधिक फिरतो. त्याचा दोलनकाळ येतो २.३७ सेकंद. ठोकळ्याचा मात्र २.०१ सेकंद. दहा येरझारा मोजल्या तर ठोकळा विसाव्या सेकंदाला मोकळा होतो, छर्रा चोविसाव्या सेकंदाच्या आसपास.

हा उशीर त्या स्वतःभोवती फिरण्यामुळे होतो. उतरताना गुरुत्वाकर्षणाकडून जी ऊर्जा मिळते, ती ठोकळा सगळीच्या सगळी पुढे जाण्यात लावतो. छर्ऱ्याला त्याच मिळकतीतून दोन खर्च भागवावे लागतात, पुढे जायचे आणि गरगरायचेही. भरीव गोळ्यासाठी ही वाटणी ठरलेली आहे. पाच भाग पुढे जाण्याला, दोन भाग फिरण्याला. त्यामुळे प्रत्येक जागी त्याचा प्रवेग ठोकळ्याच्या पाच सप्तमांशच राहतो. दोलनकाळ प्रवेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून तो ७/५ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.१८ पटीने वाढतो. सूत्रात मांडायचे तर,

T = 2π√(7(R − r)/5g)

इथे R ही वाटीची वक्रता त्रिज्या आणि r ही छर्ऱ्याची त्रिज्या. वस्तुमान कुठेच नाही. पोलादाचा गोळा घ्या, काचेची गोटी घ्या किंवा लाकडाचा मणी, आकार सारखा आणि आत पूर्ण भरीव असेल तर वेळ तोच. R मधून r वजा होतो कारण छर्ऱ्याचा मध्यबिंदू वाटीच्या पृष्ठभागावरून नाही, तर त्याच्या r इतका वरून, म्हणजे थोड्या लहान वर्तुळावरून फिरतो. याचा एक गमतीदार परिणाम असा, की त्याच वाटीत मोठा गोळा लहानापेक्षा किंचित लवकर येरझारी संपवतो. व्यास १२ ऐवजी ४० मिलिमीटर केला तर २.३७ चे २.३५ सेकंद होतात.

पोकळ गोळ्याचे गणित वेगळे. टेबल टेनिसच्या चेंडूचे सगळे वस्तुमान बाहेरच्या पातळ कवचात असते, त्यामुळे त्याला फिरवणे महागात पडते. तिथे ७/५ च्या जागी ५/३ येते. आपल्या आरशात ४० मिलिमीटरचा असा चेंडू गणिताप्रमाणे २.५७ सेकंद घेईल. प्रत्यक्षात तो इतका हलका असतो की हवाच त्याला लवकर थांबवते, पण दोन-तीन येरझारांतही तो भरीव गोळ्यापेक्षा मागे पडलेला डोळ्यांना दिसतो.

हा उशीर घर्षणामुळे होतो का, या प्रश्नाचे उत्तर होय आणि नाही असे दोन्ही आहे. घर्षणच नसते तर छर्ऱ्याला फिरायला लावणारे काही उरले नसते, तो न फिरता ठोकळ्यासारखा घसरला असता. पण हे घर्षण ऊर्जा खात नाही. घरंगळणाऱ्या गोळ्याचा जो बिंदू वाटीला टेकलेला असतो, तो त्या क्षणी स्थिर असतो. घासणे नाही, म्हणून उष्णताही नाही. घर्षण फक्त पुढच्या गतीतला वाटा फिरण्याकडे वळवते आणि चढताना तो परत करते. छर्रा शेवटी थांबतो तो हवेमुळे आणि टेकलेल्या जागी होणाऱ्या सूक्ष्म दबण्यामुळे, तो भाग वेगळा.

मग वाटीला तेल लावले तर छर्रा घसरेल आणि ठोकळ्याइतका वेगवान होईल, असे सहज वाटते. तसे होत नाही. न घसरता घरंगळायला छर्ऱ्याला उताराच्या दिशेतल्या ओढीच्या फक्त दोन सप्तमांश घर्षण पुरते. आपल्या प्रयोगात टोकाला उतार दोन अंशांपेक्षाही कमी असतो, त्यामुळे ०.००९ इतका घर्षणांक असला तरी काम भागते. तेल लावलेल्या काचेवरही पोलादाला त्याच्या कितीतरी पट घर्षण मिळते. तेलाने एवढेच होईल की चिकटपणामुळे छर्रा लवकर थांबेल आणि आरसा पुसत बसावे लागेल.

उलट खरा ठोकळा त्या वाटीत ठेवून पाहा. तो हलणारच नाही. ३ सेंटिमीटरवरून निघायला त्याला ०.०३ पेक्षा कमी घर्षणांक लागेल, आणि काचेवर लाकडाचा किंवा धातूचा कोरडा ठोकळा त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो गडी मैदानात उतरतच नाही. त्याच्या जागी लंबक घ्यायचा. वाटीच्या वक्रता त्रिज्येइतक्या लांबीचा दोरा आणि खाली लहानसे वजन बांधले, की ते वजन घर्षणरहित ठोकळ्याच्याच मार्गाने, त्याच वेळात झुलते. १ मीटर लांबीचा लंबक आरशाशेजारी टांगून दोन्ही एकदम सोडले, की तीन येरझारा होईतो छर्रा अर्ध्या येरझारीने मागे पडलेला असतो. लंबक निघाल्या जागी परतलेला असतो, तेव्हा छर्रा जवळजवळ पलीकडच्या टोकाला असतो. छर्ऱ्याशी बरोबरी करायला लंबक सुमारे १.३९ मीटरचा लागतो. गॅलिलिओनेही १६०२ साली गिदोबाल्दो देल मोन्ते यांना लिहिलेल्या पत्रात, वक्र पृष्ठभागावर गोळे सोडण्यापेक्षा दोऱ्याला टांगलेल्या वजनांवर अधिक भरवसा ठेवला होता.

हाच प्रयोग उलट्या बाजूने केला की आरशाची वक्रता त्रिज्या मिळते. वीसेक येरझारांची वेळ घ्यावी. घड्याळ टोकाला सुरू न करता छर्रा तळाची खूण ओलांडताना सुरू करावे, कारण टोकाला तो इतका रेंगाळतो की नेमका क्षण पकडता येत नाही. छर्रा सरळ रेषेऐवजी लंबगोल फिरू लागला तर ते वाचन सोडून द्यावे. हात सोडताना बोटाचा जरासा धक्का लागला की तसे होते. कोनाची चिंता फारशी नको. पाच अंशांपर्यंत झोका मोठा झाल्याने दोलनकाळात पडणारा फरक ०.०५ टक्क्यांच्या आत असतो. घरातली कढई किंवा वाटी मात्र चालत नाही. तिचा तळ सपाटीकडे झुकलेला असतो, आणि झोका लहान होत जाईल तसा दोलनकाळ वाढत जातो. खऱ्या गोलाकार पृष्ठभागावर पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच येरझारांना सारखाच वेळ लागला पाहिजे.

एवढे करून त्रिज्या १ मीटरऐवजी १.३९ मीटर आली, तर आरशाला किंवा घड्याळाला दोष देऊ नये. सूत्रात छर्ऱ्याऐवजी ठोकळा घातला गेला आहे, ७/५ राहून गेले आहे. आणि उत्तर खरे धरावे की नाही अशी शंका असेल, तर आरशाने दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर पाडावी. कागद ५० सेंटिमीटरवर असताना ती सुस्पष्ट दिसली, की वक्रता त्रिज्या १ मीटर हे नक्की.