सहसंबंध गुणांकाची मर्यादा

जोडीने मोजलेल्या दोन राशींमधील रेषीय संबंध दाखवणारा सहसंबंध गुणांक r हा कधीही −१ पेक्षा लहान किंवा +१ पेक्षा मोठा असू शकत नाही. ही मर्यादा कोणी सोयीसाठी ठरवून दिलेली नाही, तसेच ती नमुना मोठा असण्यावर किंवा राशींचे वितरण प्रसामान्य असण्यावर अवलंबून नाही. कोणत्याही दोन संख्यामालिकांना लागू पडणाऱ्या एका बैजिक असमतेचा तो थेट परिणाम आहे. ही असमता कोशी–श्वार्त्स असमता या नावाने ओळखली जाते. बेरजांसाठीचे तिचे रूप ऑगुस्तीन कोशी यांनी १८२१ मध्ये दिले, समाकलांसाठीचे रूप व्हिक्टर बुन्याकोव्हस्की यांनी १८५९ मध्ये आणि हेरमान श्वार्त्स यांनी १८८८ मध्ये मांडले. कार्ल पिअर्सन यांनी आज वापरात असलेले r चे सूत्र १८९६ मध्ये प्रस्थापित केले, म्हणजे गुणांकाला कुंपण घालणारी असमता गुणांकाच्या किती तरी आधीपासून तयार होती.

सूत्र असे आहे. प्रत्येक x मधून x ची सरासरी वजा करून मिळणाऱ्या विचलनाला a म्हणू आणि त्याच जोडीतील y च्या विचलनाला b म्हणू. मग

r = Σab / √(Σa² · Σb²)

अंशात जोडीजोडीने केलेल्या गुणाकारांची बेरीज आहे, छेदात दोन्ही मालिकांच्या वर्गांच्या बेरजा आहेत. r हा −१ आणि +१ यांच्या दरम्यान असतो असे म्हणणे आणि (Σab)² ≤ Σa² · Σb² असे म्हणणे या एकाच गोष्टी आहेत. तेव्हा सिद्ध करायचे ते एवढेच.

आकडे समोर ठेवून पाहणे सोपे जाईल. समजा, पाच विद्यार्थ्यांना दहा गुणांच्या पहिल्या चाचणीत अनुक्रमे २, ४, ५, ६, ८ आणि दुसऱ्या चाचणीत ३, ७, ४, ७, ९ गुण मिळाले. सरासरी अनुक्रमे ५ आणि ६ येते. पहिल्या चाचणीतील विचलने −३, −१, ०, १, ३ आणि दुसरीतील −३, १, −२, १, ३ अशी आहेत. जोडीजोडीने गुणाकार केले तर ९, −१, ०, १, ९ मिळतात व त्यांची बेरीज १८ होते. वर्गांच्या बेरजा २० आणि २४ आहेत. म्हणून r = १८/√४८०, म्हणजे सुमारे ०.८२. असमतेच्या भाषेत १८ चा वर्ग ३२४ हा ४८० पेक्षा कमी भरला.

तो कमी का भरतो, हे समजण्यासाठी एक वेगळाच प्रश्न विचारावा लागतो: पहिल्या चाचणीतील विचलनांना एखाद्या ठरावीक संख्येने, t ने, गुणून दुसरीतील विचलने जवळजवळ मिळवता येतील का? प्रत्येक विद्यार्थ्यामागे b − ta इतकी चूक राहील. या चुकांच्या वर्गांची बेरीज घेतली तर ती

Σ(b − ta)² = Σb² − २tΣab + t²Σa²

अशी होते आणि आपल्या उदाहरणात २४ − ३६t + २०t² इतकी येते. डावीकडे वर्गांची बेरीज आहे, त्यामुळे t काहीही घेतला तरी ती ऋण होणार नाही. सगळी सिद्धता या एका निरीक्षणावर उभी आहे. आता ही बेरीज सर्वांत लहान होईल असा t निवडू. तो Σab/Σa² असतो, इथे १८/२० म्हणजे ०.९, आणि त्या ठिकाणी बेरजेची किंमत Σb² − (Σab)²/Σa² म्हणजे २४ − १६.२ = ७.८ होते. ही किंमतही शून्य किंवा धनच असली पाहिजे. म्हणून (Σab)² हा Σa² · Σb² च्या वर जाऊ शकत नाही. शाळेतल्या वर्गसमीकरणाच्या परिचयातून हेच सांगायचे तर, जी वर्ग बहुपदी कधीच ऋण होत नाही तिचा विवेचक धन असू शकत नाही.

या मार्गाने गेल्याचा एक जास्तीचा लाभ होतो, आणि म्हणूनच छोट्या सिद्धतांपेक्षा हा मार्ग पसंत करावा. उरलेल्या ७.८ ला मूळच्या २४ ने भागले तर ०.३२५ मिळतात, आणि १ − r² ची किंमतही नेमकी ०.३२५ आहे. म्हणजे १ − r² हा समाश्रयण रेषेने, म्हणजे वरच्या t ने ठरणाऱ्या सर्वांत कमी चुकीच्या रेषेने, न टिपलेल्या चढउताराचा वाटा आहे. असा वाटा शून्याखाली जात नाही, आणि r² एकाच्या वर न जाण्याचे कारण हेच. छोटी सिद्धता हवीच असेल तर विचलनांना त्यांच्या प्रमाण विचलनाने भागून u आणि v अशा प्रमाणित मालिका कराव्यात. n जोड्या असताना Σ(u + v)² = २n + २nr आणि Σ(u − v)² = २n − २nr होतात; पहिली बेरीज ऋण नसल्यामुळे r हा −१ च्या खाली जात नाही, दुसरी ऋण नसल्यामुळे +१ च्या वर जात नाही.

समानता केव्हा साधते, हेही यातूनच दिसते. चुकांच्या वर्गांची बेरीज शून्य व्हायची तर प्रत्येक चूक शून्य असली पाहिजे, म्हणजे सर्व बिंदू एकाच तिरप्या रेषेवर असले पाहिजेत. वरच्या उदाहरणात पहिला, चौथा आणि पाचवा विद्यार्थी तसे आहेत: त्यांची दोन्ही विचलने अगदी सारखी आहेत. फट पाडली ती दुसऱ्या आणि तिसऱ्याने. जोसेफ-लुई लाग्रांज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नित्यसमानतेने ही फट मोजताही येते. कोणतेही दोन विद्यार्थी घेऊन पहिल्याचा a गुणिले दुसऱ्याचा b यातून दुसऱ्याचा a गुणिले पहिल्याचा b वजा करायचा, वर्ग करायचा, आणि अशा दहा वर्गांची बेरीज घ्यायची. चार वर्ग ३६ येतात, तीन ४ येतात, तीन शून्य. एकूण १५६, आणि ४८० − ३२४ हेही १५६ च. शून्य आलेल्या तिन्ही जोड्या पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या विद्यार्थ्यांमधल्याच आहेत.

भूमितीची सवय असलेल्यांना हेच सदिशांच्या भाषेत अधिक पटते. पाच विचलनांची मालिका म्हणजे पाच मितींच्या अवकाशातील एक बाण मानला, तर r हा दोन बाणांमधील कोनाचा कोसाइन ठरतो. इथे तो कोन सुमारे ३५ अंशांचा आहे. मात्र ‘कोसाइन एकापेक्षा मोठा नसतो, म्हणून r ही नसतो’ हा युक्तिवाद थोडा उलटा आहे. पाच मितींत कोन म्हणजे काय हे ठरवतानाच कोशी–श्वार्त्स असमता गृहीत धरावी लागते.

−१ ते +१ ही मर्यादा असली तरी दिलेल्या आकड्यांना ती गाठता येईलच असे नाही. वरील दोन्ही चाचण्यांचे गुण तेच ठेवून ते विद्यार्थ्यांमध्ये हवे तसे वाटण्याची मुभा घेतली, तर सर्वांत मोठा r दोन्ही यादी चढत्या क्रमाने लावून मिळतो. तेव्हा Σab २१ होते व r सुमारे ०.९६ येतो. एक यादी उलटी केली तर Σab −२१ होऊन −०.९६ मिळतो. या गुणांपुरते त्यापलीकडे जाणे अशक्यच आहे, कारण दोन्ही याद्यांमधील अंतरे एकमेकांच्या प्रमाणात नाहीत. त्यामुळे भिन्न आकाराच्या वितरणांवरून काढलेला ०.९ हा गुणांक ‘जवळजवळ पूर्ण’ की ‘शक्य तेवढा पूर्ण’, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. दोन्हीपैकी एका मालिकेतील सर्व किंमती सारख्याच असतील तर छेद शून्य होतो. तेव्हा r ला अर्थच उरत नाही, तो शून्य आहे असेही म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष कामात कधी कधी १.०३ किंवा १.५ असा गुणांक हाती येतो. असमता मोडली असे तेव्हा होत नाही. अंश आणि छेद एकाच जोड्यांवरून, एकाच पद्धतीने काढलेले नसतात. सर्वांत नेहमीची चूक भाजकाची आहे. r हा सहप्रचरणाला, म्हणजे ab च्या सरासरीला, दोन्ही प्रमाण विचलनांच्या गुणाकाराने भागूनही काढतात. सहप्रचरण काढताना n − १ ने भागले आणि प्रमाण विचलने काढताना n ने भागले, तर r हा n/(n − १) पट फुगतो. आपल्या पाच विद्यार्थ्यांचे सहप्रचरण १८/४ = ४.५ आणि प्रमाण विचलने २ व सुमारे २.१९ धरली, तर उत्तर १.०३ येते. एक्सेलमध्ये `COVARIANCE.S` ला `STDEV.P` च्या गुणाकाराने भागणाऱ्याला नेमके हेच दिसेल. `CORREL` वापरल्यास दिसणार नाही. मोठ्या नमुन्यात ही चूक इतकी बारीक होते की r एकाच्या आतच राहतो आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. एकाच्या वर गेलेला गुणांक त्या मानाने उपकारक म्हणायचा.

दुसरी चूक गैरहजरीची. समजा, मधले तीन विद्यार्थी दुसऱ्या चाचणीला बसलेच नाहीत. उरलेल्या दोघांवरून (n ने भागून) सहप्रचरण ९ येते आणि y चे प्रमाण विचलन ३. पण x चे प्रमाण विचलन पाचही जणांवरून काढले तर ते २ येते, आणि r होतो ९/६ = १.५. दोघांवरूनच तेही काढले असते तर ३ आले असते आणि r बरोबर १ झाला असता, कारण दोन बिंदूंमधून रेषा जातेच. असमतेतील a आणि b यांची संख्या सारखी व जोड्या त्याच असल्या पाहिजेत. ही अट सूत्रात वेगळी लिहिलेली नसते, म्हणून ती निसटते.

तिसरे कारण अंकगणिताचे आहे. वरील सिद्धतेत a आणि b ही सरासरीपासूनचीच विचलने आहेत हे कुठेच वापरलेले नाही. त्यामुळे सरासरी ढोबळ घेतली तरी तीच किंमत सर्वत्र वजा करून प्रत्यक्ष विचलने मांडली, तर गुणांक थोडा चुकेल पण मर्यादा ओलांडणार नाही. Σx² − n(सरासरी)² अशा संक्षिप्त सूत्राला हे संरक्षण नाही. २००१, २००२ आणि २००४ या तीन वर्षांच्या विचलनांच्या वर्गांची खरी बेरीज सुमारे ४.६७ आहे, सरासरी २००२.३३… ऐवजी २००२.३ घेऊन संक्षिप्त सूत्र वापरले तर तीच ४०५ च्या आसपास येते, आणि सरासरी वरच्या बाजूला ढोबळ केली तर चक्क ऋण येते. संगणकही ठरावीक अंकांपर्यंतच गणना करत असल्याने पूर्ण रेषीय आकड्यांसाठी कधी कधी १.०००००००००००००००२ असे उत्तर निघते. पायथनमधील `numpy.corrcoef` हे फलन म्हणूनच शेवटी उत्तर −१ ते १ मध्ये छाटून देते. अशी छाटणी शेवटच्या अंकातील धुळीपुरतीच योग्य आहे; १.०३ ला छाटून १ केले तर भाजकाची चूक तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते.