आकृती गेली, गेन उरला

एप्रिलमधल्या एका दुपारी चोपड्याच्या एका विद्यार्थिनीचा मेसेज आला. बी.एस्सी.च्या सरावासाठी कुणीतरी पुढे पाठवलेला ऑप-अॅम्पचा प्रश्न होता. गेन, म्हणजे आउटपुट इनपुटच्या किती पट, ते काढायचं होतं: "वरील परिपथाचा गेन किती? इनपुटचा रेझिस्टर १० किलोओहम, फीडबॅकचा १०० किलोओहम." वर परिपथ नव्हताच. स्क्रीनशॉट कुठल्यातरी टप्प्यावर गळला होता. पर्याय चार होते: −१०, −८, १० आणि ११. तिने खाली लिहिलं होतं, "सर, इन्व्हर्टिंग आहे म्हणजे −१०च ना? आकृती कशाला हवी?"

बहुतेक जण हेच म्हणतील, कारण इन्व्हर्टिंग, म्हणजे चिन्ह उलटवणाऱ्या परिपथाचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं.

```
Vout / Vin = −Rf / Rin
```

Rf म्हणजे फीडबॅकचा रेझिस्टर, Rin म्हणजे इनपुटचा. सूत्र बरोबरच आहे. पण त्यातला Vin नेमका कुठे मोजायचा, हे सूत्र सांगत नाही, ते आकृती सांगते. मी तिला म्हटलं, "अगं, भुसावळला ये, मांडूनच बघू." ती आली तेव्हा वीज गेलेली होती. म्हणून ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेतल्या, एकीचं धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडलं आणि त्या जोडाला ग्राउंड मानलं. ब्रेडबोर्डवर ७४१ ही जुनी ऑप-अॅम्प चिप बसवली. पिन ३, म्हणजे अधिक चिन्हाचा इनपुट, ग्राउंडला. पिन २ला एकीकडून १० किलोओहमचा रेझिस्टर, दुसरीकडून आउटपुटच्या पिन ६पर्यंत १०० किलोओहमचा. सिग्नल म्हणून दीड व्होल्टचा सेल. त्याचं ऋण टोक ग्राउंडला, आणि त्याच्या दोन टोकांमध्ये १० किलोओहमचा पॉट, म्हणजे रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला असतो तसला.

आता आत काय चालतं ते नीट बघण्यासारखं आहे. ऑप-अॅम्पला येतं एकच काम: पिन ३ आणि पिन २मधला फरक प्रचंड पटीने वाढवून आउटपुटला देणं. ७४१ची ही पट साधारण २ लाख असते. पिन २ थोडी जरी वर चढली, तरी आउटपुट जोरात खाली जातं. पण आउटपुट १०० किलोओहममधून पिन २लाच बांधलेलं आहे, त्यामुळे खाली जाताना ते पिन २लाही खाली ओढतं. पिन २ शून्याच्या अगदी जवळ आली की ओढाओढ थांबते. समजा आउटपुट −६ व्होल्टवर स्थिरावलं. त्यासाठी पिन २वर किती व्होल्ट लागतील? ६ भागिले २ लाख, म्हणजे ३० मायक्रोव्होल्ट. आमच्या मल्टिमीटरला ते दिसणारही नाहीत. त्याने एखादा मिलिव्होल्ट दाखवलाच, तर ती चिपची स्वतःची जन्मजात चूक असते, तिला ऑफसेट म्हणतात. पिन २ ग्राउंडला जोडलेली नाही, तरी ग्राउंडवर असल्यासारखी वागते. म्हणून तिला व्हर्च्युअल ग्राउंड म्हणतात. तिथे खरी तार आहे असं समजून बसणं हा वर्गात नेहमी दिसणारा गैरसमज आहे. तार असती तर सगळा प्रवाह तिच्यातून ग्राउंडला गेला असता. इथे चिपच्या पायात प्रवाह जवळजवळ शिरतच नाही, त्यामुळे १० किलोओहममधून आलेल्या प्रवाहाला १०० किलोओहममधूनच पुढे जावं लागतं.

विहिरीवर पहारीने दगड हलवताना पाहिलं असेल. टेकू जागचा हलत नाही, आखूड बाजू जरा खाली गेली की लांब बाजू जितक्या पट लांब, तितक्या पटीने वर जाते. इथे टेकू म्हणजे पिन २, आणि दोन बाजू म्हणजे दोन रेझिस्टर. बाजू उलट दिशांना जातात, म्हणून उणे चिन्ह. फरक इतकाच, की पहारीचा टेकू दगडाचा असतो आणि इथला टेकू ऑप-अॅम्प क्षणोक्षणी धरून ठेवतो. आउटपुटचा अंश उलटा फिरवून इनपुटला देण्याची ही कल्पना अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७च्या ऑगस्टमध्ये कामावर जाताना फेरीबोटीत सुचली. हाताशी असलेल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी ती मांडून ठेवली.

तो १०० किलोओहमचा रेझिस्टर काढला की टेकू गेला. उरते ती २ लाखांची पट. मग लोंबत्या तारेला बोट लावलं तरी घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण पकडून आउटपुट या टोकावरून त्या टोकाला उड्या मारतं. घरातली 'नकारात्मक ऊर्जा' मोजतो म्हणून काटा हलवून दाखवणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. उघड्या इनपुटवर काटा हलवायला माणसाचं बोट पुरतं, वास्तुदोष लागत नाही.

आता मूळ प्रश्न. पॉट मधोमध ठेवला. त्याचा मधला पाय मोकळा असताना मल्टिमीटरने ०.७५ व्होल्ट दाखवले. मग तो पाय १० किलोओहमच्या रेझिस्टरला जोडला. तिने आउटपुट मोजलं: −६ व्होल्टच्या आसपास. ती म्हणाली, "सर, सात पूर्णांक पाच यायला हवे होते." भागाकार केला तर ६ भागिले ०.७५ म्हणजे ८ येतात. मग तिला जोडलेल्या अवस्थेतच पॉटचा मधला पाय मोजायला सांगितला. तिथे ०.७५ नव्हते, ०.६० होते. ६ भागिले ०.६० म्हणजे १०.

ते १५० मिलिव्होल्ट पॉटमध्येच खर्च झाले होते. मधोमध ठेवलेल्या १० किलोओहमच्या पॉटच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोओहम असतात. पुढच्या परिपथाला त्या दोन्ही समांतर दिसतात, म्हणजे अडीच किलोओहम. रेझिस्टरचं पलीकडचं टोक व्हर्च्युअल ग्राउंडवर असल्यामुळे पॉटला १० किलोओहमचा खराखुरा भार ओढावा लागतो. मोकळ्या ०.७५ व्होल्टपासून मोजलं तर इनपुटचा रेझिस्टर १० नाही, साडेबारा किलोओहम आहे. १०० भागिले साडेबारा बरोबर ८. म्हणजे −१० आणि −८ ही दोन्ही उत्तरं खरी आहेत. एक पॉट जोडल्यानंतर मोजलेलं, दुसरं जोडण्याआधी. ११ आला असता तो सिग्नल पिन ३ला दिला असता तर, आणि +१० साठी एका ऑप-अॅम्पने भागत नाही, आणखी एक उलटवणारा लागतो.

मग तिने पॉट सेलच्या धन टोकाकडे पूर्ण फिरवला. तिथे पॉटचा रोध नावाला उरतो, दीड व्होल्ट सरळ आत जातात, सूत्राप्रमाणे −१५ हवे. पण ९ व्होल्टच्या बॅटरीवर ७४१ला −९ सुद्धा गाठता येत नाही. आउटपुट साडेसातच्या आसपास अडकलं. अशा वेळी पिन २ मोजावी. ती शून्याजवळ राहिलेली नसते. आउटपुट −७.५ धरून हिशोब केला तर तिथे सुमारे ०.६८ व्होल्ट यायला हवेत, आणि मीटरनेही जवळपास तेवढेच दाखवले. पिन २ शून्य सोडून गेली की टेकू सरकला, आणि Rf भागिले Rin लिहिण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी वीज आली. घरी गेल्यावर तिने तोच प्रश्न मैत्रिणींना नव्याने पाठवला, चित्राविना: "±९ व्होल्टवर ७४१, पिन ३ ग्राउंडला, पिन ६ ते पिन २ १०० किलोओहम. ऋण टोक ग्राउंडला असलेल्या दीड व्होल्टच्या सेलवर १० किलोओहमचा पॉट मधोमध, त्याच्या मधल्या पायापासून पिन २ला १० किलोओहम. मधला पाय जोडण्याआधी त्यावर असलेल्या व्होल्टेजपासून आउटपुटपर्यंत गेन किती?"