केबल लॅपटॉपला, इंटरनेट फोनला: मधल्या मध्ये पत्ता कोण बदलतं?

‘लॅपटॉप वाय-फाय घेतो, देत नाही’ हा समज अजून चांगलाच पक्का आहे. हॉस्टेलच्या खोलीत भिंतीवर लॅनचं पोर्ट असतं, केबल लावली की लॅपटॉपवर नेट झकास चालतं आणि त्याच टेबलावरचा फोन मात्र मोबाईल डेटाच्या एका कांडीवर तगून असतो. मग कोणी राउटर आणतं, कोणी ‘लॅपटॉपचा राउटर करा, स्पीड दुप्पट’ अशी जाहिरात करणारं विकतचं सॉफ्टवेअर घेतं. यातल्या सॉफ्टवेअरला तर अजिबात पैसे देऊ नका. केबलमधून जेवढा वेग येतो त्याहून जास्त कोणतंही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही, आणि वाटून देण्याची सोय विंडोजमध्ये आधीपासून आहे. इंटरनेट वाटून घेण्याची यंत्रणा १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली आणि २०१६ पासून विंडोज १० मध्ये तिला Mobile hotspot नावाचं साधं बटण मिळालं.

करायचं फार थोडं आहे. विंडोज ११ मध्ये Settings उघडून Network & internet मध्ये Mobile hotspot वर जायचं. इंटरनेट कुठून घ्यायचं, तिथे Ethernet निवडायचं. कशावरून द्यायचं, तिथे Wi-Fi. नाव आणि पासवर्ड तिथेच दिसतात, हवे तर बदलायचे आणि बटण चालू करायचं. लॅपटॉपचं वाय-फाय चालू हवं, पण ते दुसऱ्या कुठल्या नेटवर्कला जोडलेलं नसलेलं बरं. म्हणजे त्याचा रेडिओ पूर्णपणे फोनच्या सेवेला राहतो. हा रेडिओ मुळातच दुतर्फी असतो. तुम्ही मेल पाठवता तेव्हा लॅपटॉप हवेत लहरी सोडतच असतो.

खरी गंमत बटण दाबल्यानंतरची आहे. कमांड प्रॉम्प्टवर `ipconfig` दिलं तर यादीत एक नवं कार्ड दिसतं, जे लॅपटॉपमध्ये प्रत्यक्ष बसवलेलंच नाही:

```
Wireless LAN adapter Local Area Connection* 10:
   IPv4 Address. . . . . : 192.168.137.1
   Subnet Mask . . . . . : 255.255.255.0
```

शेवटचा आकडा तुमच्याकडे वेगळा असेल. हे आभासी कार्ड म्हणजे फोनसाठी उघडलेलं दार. फोन जोडला की लॅपटॉप त्याला 192.168.137 ने सुरू होणारा एक पत्ता देतो. समजा 192.168.137.52 मिळाला. दुसऱ्या बाजूला, केबलवर, लॅपटॉपला हॉस्टेलच्या नेटवर्कने 192.168.1.7 हा पत्ता दिलेला आहे. म्हणजे लॅपटॉप आता दोन नेटवर्कांच्या उंबरठ्यावर उभा आहे.

फोनवर तुम्ही बँकेचं संकेतस्थळ उघडता. फोन एक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, तयार करतो. त्यावर लिहिलेलं असतं: पाठवणारा 192.168.137.52, पोर्ट 41372. घेणारा बँकेचा सर्व्हर, पोर्ट 443. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावरची वेगवेगळी संभाषणं ओळखायचा क्रमांक. हे पॅकेट जसंच्या तसं केबलवर सोडलं तर उत्तर परत येणार नाही, कारण 192.168.137.52 हा पत्ता हॉस्टेलच्या नेटवर्कला ठाऊकच नाही. म्हणून लॅपटॉप पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून तिथे स्वतःचा 192.168.1.7 घालतो, पोर्टच्या जागी आपल्याकडचा रिकामा क्रमांक टाकतो, समजा 50211, आणि स्मृतीतल्या एका तक्त्यात नोंद करतो: 50211 म्हणजे 192.168.137.52 चं 41372.

सरकारी कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीचं काम असंच चालतं. पत्र कोणत्याही टेबलावर तयार झालेलं असो, बाहेर जाताना त्यावर कचेरीचा पत्ता आणि जावक क्रमांक पडतो. उत्तर येतं ते ‘संदर्भ: आपले पत्र जा. क्र. अमुक’ असं लिहून. आणि तो क्रमांक वहीत पाहूनच ते नेमक्या टेबलावर पोचतं. बँकेचा सर्व्हर 50211 वर उत्तर धाडतो, लॅपटॉप तक्ता पाहतो, पत्ता उलटा बदलतो आणि पॅकेट हवेतून फोनकडे जातं.

पत्ता बदलला की आणखी एक हिशेब बदलावा लागतो. पॅकेटच्या शीर्षकात एक बेरीज लिहिलेली असते, वाटेत आकडे बिघडले का हे तपासण्यासाठी. पत्ता या बेरजेत धरलेला असल्यामुळे ती नव्याने मांडावी लागते. वर, आतल्या टीसीपीच्या थराची स्वतःची बेरीज असते आणि तिच्यातही दोन्ही टोकांचे पत्ते धरलेले असतात, म्हणून तीही सुधारावी लागते. नाहीतर पलीकडचा सर्व्हर पॅकेट बिघडलेलं समजून फेकून देईल. तुम्ही व्हिडिओ पाहत असता तेव्हा लॅपटॉप हे दर सेकंदाला शेकडो वेळा करत असतो. आतल्या मजकुराला मात्र तो हात लावत नाही. बँकेचा व्यवहार फोन आणि सर्व्हर यांच्यात कूटबद्ध असतो. लॅपटॉपला फक्त पाकिटावरचं दिसतं.

पत्ता बदलण्याची ही युक्ती १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी इंटरनेटच्या एका दस्तऐवजात मांडली. जुन्या, म्हणजे IPv4 पद्धतीचे पत्ते जेमतेम ४२९ कोटी, आणि ते संपणार हे तेव्हाच दिसत होतं, म्हणून एकाच पत्त्यावर अनेक यंत्रं चालवायची ही सोय; फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठा खरोखरच संपला. तुमच्या खोलीतलं पॅकेट पुढे हॉस्टेलच्या राउटरवर पुन्हा पत्ता बदलून घेतं, आणि कित्येकदा इंटरनेट कंपनीकडे तिसऱ्यांदा.

हे एकदा कळलं की अनेक गोष्टींचा उलगडा होतो. हॉस्टेलच्या यंत्रणेला फोन दिसतच नाही, तिला एकटा लॅपटॉप दिसतो. म्हणून लॅपटॉपवर एकदा लॉगिन केलं असेल तर फोनला सहसा वेगळं लॉगिन विचारलं जात नाही. पण याची दुसरी बाजू गंभीर आहे: मित्राने तुमच्या हॉटस्पॉटवरून जे काही केलं ते तिथल्या नोंदीत तुमच्या नावावर पडतं. पासवर्ड वाटताना हे लक्षात ठेवा, आणि संस्थेच्या नियमात असं वाटून घेणं बसतं का तेही आधी विचारा.

फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवायला गेलात आणि टीव्ही यादीत दिसलाच नाही, तर त्याचंही कारण हेच. टीव्ही 192.168.1 च्या बाजूला आणि फोन 192.168.137 च्या. टीव्ही शोधण्यासाठी फोन जी हाक मारतो ती आपल्याच नेटवर्कापुरती असते, लॅपटॉप ती पलीकडे नेत नाही. टीव्हीही त्याच हॉटस्पॉटला जोडा. आठपर्यंत उपकरणं चालतात.

फोन जोडला जातो पण नेट चालत नाही, अशा वेळी आधी फोनच्या वाय-फाय तपशिलात पत्ता पाहा. पत्ता मिळालेलाच नसेल तर अडचण लॅपटॉप आणि फोन यांच्यामध्ये आहे. हॉटस्पॉट बंद करून पुन्हा चालू करा, नाही जमलं तर 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडून पाहा, कारण जुन्या फोनना 5 चा दिसत नाही. पत्ता 192.168.137 चा मिळाला असेल तर हवेतला भाग ठीक आहे, मग दोष केबलच्या बाजूला शोधा. लॅपटॉपवर तरी नेट चालतंय का? इंटरनेट कुठून घ्यायचं, तिथे Ethernet च निवडलंय ना? ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करून पाहा.

आणि नेट चांगलं चालू असताना मध्येच गेलं, तर बहुतेक वेळा लॅपटॉप झोपलेला असतो. स्क्रीन बंद झाली तरी चालते, पण लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की पत्ते बदलणारंच कोणी उरत नाही. शिवाय कोणतंही उपकरण जोडलेलं नसेल तर विंडोज थोड्या वेळाने हॉटस्पॉट आपोआप बंद करतं. त्याच पानावर Power saving असा पर्याय आहे, तो बंद केला की फोन घेऊन जेवायला जाऊन आलात तरी हॉटस्पॉट चालूच सापडेल.